सहावीच्या पालकांना लिहिलेलं पत्र : माझा अनुभव

गेल्या वर्षी प्रथम सत्राचं वेळापत्रक पालकांना कळवलं, तेव्हा माझं पत्र चार ओळींचं होतं. लेखी परीक्षेच्या तारखा, नाशिकजवळच्या पांडवलेणीची सहल, प्रकल्प जमा करायचा दिवस आणि दिवाळीची सुट्टी. सगळं कळवलं असं मला वाटलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी 41 पैकी 9 मुलं आलीच नाहीत. फोन केले तर उत्तर एकच : "बाई, परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे ना?" चूक माझी होती. 'परीक्षा' म्हटलं की घरी लेखीच समजतात आणि तोंडीची तारीख मी पत्रात लिहिलीच नव्हती.

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. पेपरच्या दिवशी शाळा लवकर सुटते, हे पत्रात नव्हतं. एक मुलगी रिक्षावाल्या काकांची वाट बघत दीड तास फाटकाशी उभी राहिली. मी स्टाफरूममध्ये पेपर मोजत बसले होते.

म्हणून या वर्षी पत्र लिहायला आधी बसले नाही, आधी तारखा गोळा केल्या. आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. मराठी, गणित आणि इंग्रजीचे पेपर पुण्याहून, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात आणि त्यांच्या तारखाही तिथेच ठरतात. हिंदी, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे पेपर आमचे आम्ही काढतो. त्यामुळे पहिल्या तीन तारखा पक्क्या होईपर्यंत मी बाकीच्या पेन्सिलीने लिहून ठेवल्या. तोंडी घ्यायला जो दिवस धरला होता तो नेमका कोजागरीचा निघाला. माझ्या वर्गातल्या काही घरांतली माणसं त्या दिवशी कावड घेऊन सप्तशृंगी गडावर जातात, मुलंही बरोबर असतात. तोंडी दोन दिवस पुढे नेली.

पालकसभेची वेळही बदलली. आमच्याकडे मखमलाबाद, म्हसरूळकडची मुलं आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी चालू असते, दुपारी कुणी येऊ शकत नाही. सभा संध्याकाळी साडेसहाला ठेवली.

पत्रात सगळ्यात जास्त जागा मी गुणांना दिली, कारण खरा गैरसमज तिथे होता. सहावीला 100 पैकी 50 गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात. म्हणजे सत्रभरातलं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. उरलेल्या 50 मध्ये लेखी 40 आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक 10. हे लिहिल्याशिवाय उपक्रमाचा दिवस घरी 'खेळाचा दिवस'च ठरतो. गेल्या वर्षी पांडवलेणीला 'सहल' म्हटलं आणि सहा जणांनी पैसे वाचवले, मुलांना घरी ठेवलं. या वेळी मी लिहिलं :

"शनिवारी आपण पांडवलेणी पाहायला जाणार आहोत. ही सहल नाही, इतिहासाचा उपक्रम आहे. गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगणारा त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख तिथल्या तिसऱ्या लेण्यात आहे. मुलांनी पाहून लिहिलेल्या नोंदीला इतिहासात गुण आहेत. खर्चाची अडचण असेल तर मला एकटीला सांगा, मार्ग काढू."

तारखांची मी ओळ केली नाही, तक्ता केला. वार, तारीख, विषय, तोंडी की लेखी, शाळा सुटायची वेळ. 'सुटायची वेळ' हा रकाना ठळक केला, कारण रिक्षावाल्या काकांना दाखवायला तोच लागतो. 'अमुक ते अमुक' अशी तारीख कुठेही ठेवली नाही.

पत्राखाली कापून द्यायची पोहोच होती, पालकांच्या सहीची. वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकला होताच, पण फोटो पाहिल्याची निळी खूण म्हणजे वाचल्याची खात्री नव्हे. ज्यांच्या घरी वाचणारं कुणी नाही त्या मुलांना मी वर्गात तक्ता मोठ्याने वाचायला लावला आणि सांगितलं, घरी असाच वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या.

तीन दिवसांत 29 पोहोच आल्या. उरलेल्या 12 घरी फोन केले. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, तोंडीला काय विचारता? पोरगं घाबरतंय." हे पत्रात लिहायचं राहिलंच होतं. धड्यातला उतारा वाचून दाखवणं, कवितेचं एक कडवं म्हणणं, साधे दोन-तीन प्रश्न, असं त्यांना फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावलं.

या वर्षी तोंडीला 40 मुलं आली. एक तापाने घरी होता, त्याची तोंडी विज्ञानाच्या पेपरनंतर घेतली.