ताबा सहा महिने पुढे गेला, ते पत्र लिहिताना

आमची फर्म छोटी आहे, एका वेळी एकच प्रोजेक्ट, आणि त्याचं प्लॅनिंग मी बघते. सध्याची बिल्डिंग चौदा मजल्यांची आहे, करारात ताब्याची तारीख डिसेंबरअखेरची होती आणि पावसाळा संपता संपता स्पष्ट झालं की डिसेंबर काही जमत नाही. खरेदीदारांना पत्र पाठवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. ते कसं लिहिलं ते इथे सांगते, कारण ज्यांचे फ्लॅट अडकलेत त्यांना असं पत्र वाचताना आत काय शोधायचं ते कळेल, आणि जे आपल्यासारखेच या धंद्यात आहेत त्यांनाही उपयोग होईल.

ऑफिसमधून पहिला मसुदा आला तो नेहमीचाच होता. परवानग्यांना विलंब, बाजारात मालाचा तुटवडा, आमच्या नियंत्रणाबाहेरची परिस्थिती, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं पण ते वाचून घर कधी मिळणार हे कोणाला कळलं असतं? भाडं आणि प्री-ईएमआय दोन्ही भरणाऱ्या माणसाला तारीख पाहिजे आणि ती तारीख कुठून आली ते पाहिजे. म्हणून मी तो मसुदा बाजूला ठेवला आणि आधी कागदावर उशिराचा हिशोब मांडला.

कारणं तीन होती. पहिलं, वरच्या तीन मजल्यांची बांधकाम परवानगी. ते मजले सुधारित नकाशात होते, खालच्या मजल्यांची परवानगी आधीच हातात होती, पण सुधारित नकाशा मंजूर होऊन वरचं बांधकाम परवानगी पत्र यायला ठरल्यापेक्षा चार महिने जास्त लागले, आणि ते पत्र नसताना वरचा स्लॅब टाकता येत नाही, टाकला तर ते अनधिकृत बांधकाम होतं आणि मग पुढचं भोगवटा पत्रच अडकतं. दुसरं, खडी आणि क्रश सँड. आमच्या भागातले बरेच क्रशर परवान्याच्या प्रश्नावरून बंद होते, तयार काँक्रीट पुरवणारे आरएमसी प्लांटवाले सांगत होते की गाडी आज नाही परवा, असं जवळपास दोन महिने चाललं. तिसरं, ट्रान्सफॉर्मर. ऑर्डर वेळेत दिली होती, अ‍ॅडव्हान्स दिला होता, तरी मूळ वेळापत्रकात ज्या महिन्यात लागणार होता त्यापेक्षा सहा महिने उशिराची डिलिव्हरी मिळाली.

आता चार, दोन आणि सहा, बेरीज बारा. मसुद्यात नेमकं हेच केलेलं होतं, एक वर्षाच्या अडचणी असूनही आम्ही फक्त सहा महिने उशीर करतोय असा सूर होता. पण बांधकामाचा उशीर असा बेरजेनं मोजत नाहीत, कारण कामं एकामागून एक तशीच शेजारी शेजारीही चालतात. परवानगीचे चार महिने आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, खालच्या मजल्यांची वीटबांधणी, वायरिंगचे पाइप, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चालू होतं, जे नाहीतर वरच्या स्लॅबनंतर थोडं पुढेमागे झालंच असतं. त्यामुळे चार महिन्यांतले साधारण तीनच खरे गेले. खडीच्या दोन महिन्यांतला पहिला महिना तर परवानगी थांबलेली असतानाच पडला, तेव्हा तसंही स्लॅबला काँक्रीट लागतच नव्हतं, म्हणजे त्यातला एकच महिना ताब्याच्या तारखेला भिडला. झाले चार. आणि बिल्डिंगच चार महिने मागे गेली म्हटल्यावर ट्रान्सफॉर्मरची गरजही चार महिने पुढे सरकली, मग सहा महिन्यांच्या उशिरातले दोनच महिने आम्हाला नडले. तीन, एक, दोन, सहा महिने.

हे मी पत्रात असंच लिहिलं, प्रत्येक कारणापुढे एकूण किती उशीर आणि त्यातला तारखेवर किती. आमचे पार्टनर म्हणाले ताई हे सगळं सांगायची काय गरज, ट्रान्सफॉर्मरचे सहा महिने म्हटलं तर लोकांना पटकन पटतं. पटतं खरं, पण मग उद्या कोणी विचारलं की वीज येईपर्यंत सहा महिने प्लास्टर आणि टाइल्सला काय झालं होतं, तर उत्तर नाही. खरेदीदारांमध्ये इंजिनिअर असतात, बँकेतले लोक असतात, आणि अशी बेरीज त्यांच्या पहिल्याच वाचनात फुटते. तुमच्या हातात असं पत्र आलं तर प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारा, या काळात दुसरं कुठलं काम चालू होतं. उत्तर मजल्यासकट आणि कामाच्या नावासकट आलं तर समजा कोणीतरी बसून हिशोब केलाय.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढची तारीख. लोकांना वाटतं रंग झाला, टाइल्स झाल्या, काम 95 टक्के झालं म्हणजे महिनाभरात किल्ली. तो टक्का बांधकामाचा असतो, ताब्याचा नाही. ताबा ओसीवर म्हणजे भोगवटा पत्रावर अवलंबून आणि ओसीच्या आधी एक साखळी आहे. ट्रान्सफॉर्मर बसला की त्याची तपासणी होऊन वीज चालू होते, कायमची वीज आल्यावर लिफ्ट पूर्ण क्षमतेनं चालवून लिफ्ट निरीक्षकांची तपासणी होते, फायर पंपही त्याच विजेवर चालवून दाखवायचा असतो आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब दिसल्याशिवाय अग्निशमन विभागाचं अंतिम ना हरकत पत्र मिळत नाही, आणि हे सगळे कागद जोडून मग आर्किटेक्ट पालिकेत ओसीचा अर्ज टाकतात. म्हणून एक ट्रान्सफॉर्मर नसला की तयार दिसणारी बिल्डिंगही तिथेच थांबते. साइटवर गेलात तर सॅम्पल फ्लॅटच्या आधी मीटर रूम, पंप रूम आणि लिफ्टचा शाफ्ट बघा, मीटरचे बोर्ड लागलेत का, पंपाला पाइप जोडलेत का, शाफ्टमध्ये गाइड रेल बसलेत का, तेवढ्यावरून ताबा किती लांब आहे त्याचा बराच अंदाज येतो.

यामुळे पत्रात मी एक तारीख दिलीच नाही, दोन दिल्या. ओसीचा अर्ज कधी दाखल करणार ही तारीख आमच्या हातातली, ती शब्द म्हणून दिली, एप्रिलअखेर. ओसी प्रत्यक्ष कधी मिळेल हा अंदाज, कारण पालिकेची पाहणी आणि शेरे आमच्या हातात नाहीत, तिथे जून लिहिलं आणि पुढे स्पष्ट लिहिलं की पाहणीत शेरा निघाला तर तो पूर्ण करून पुन्हा दाखवायला वेळ जाईल. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात याच साखळीतला कुठला टप्पा झाला ते कळवू, काही झालं नसेल तर झालं नाही असं कळवू, हेही लिहिलं.

आता पैशांचा भाग, जो अशा पत्रांतून गायब असतो. महारेराकडे प्रोजेक्टची मुदत वाढवून घेता येते, रेरा कायद्याच्या कलम 6 प्रमाणे प्रमोटरची चूक नसेल आणि कारण योग्य वाटलं तर एकूण एक वर्षापर्यंत. पण ती वाढ म्हणजे नोंदणीची वाढ, करारातली ताब्याची तारीख त्यानं बदलत नाही. तुमच्या करारात डिसेंबर असेल तर तुमच्यासाठी डिसेंबरच. आणि त्याच कलमातली दैवी आपत्तीची व्याख्या युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि तशा नैसर्गिक संकटांपुरती आहे, खडी मिळाली नाही किंवा ट्रान्सफॉर्मर उशिरा आला हे त्यात बसत नाही. आमच्या मसुद्यात ते शब्द होते, मी काढायला लावले.

कलम 18 प्रमाणे खरेदीदाराकडे दोन रस्ते असतात, प्रोजेक्टमधून बाहेर पडून व्याजासकट पैसे परत घेणं, किंवा थांबणं आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घेणं. परतीचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरकडे कुठलीही अडचण आली असली तरी, हे सुप्रीम कोर्टानं 2021 च्या न्यूटेक निकालात म्हटलंय. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारदर, अधिक 2 टक्के असं धरतात. उदाहरण म्हणून दर 11 टक्के धरा आणि तुम्ही 60 लाख भरलेत, तर वर्षाचे 6 लाख 60 हजार, महिन्याला 55 हजार. पत्रात हेच उदाहरण दिलं आणि लिहिलं की हे व्याज शेवटच्या हप्त्यातून वळतं करू, किंवा कोणाला दरमहा हवं असेल तर तसं कळवा. हे वाक्य मंजूर करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ गेला, पण न लिहिलेलं व्याज काही माफ होत नाही, ते पुढे तक्रारीत मागितलं जातं आणि तोपर्यंत विश्वासही गेलेला असतो.

पत्र गेल्यावर मीटिंग झाली. लोक चिडलेले होते आणि ते साहजिक आहे, मुलांच्या शाळेचे प्रवेश, घरमालकाशी झालेली बोलणी, सगळंच डिसेंबर धरून ठरलं होतं. एक काका म्हणाले ओसीचं तुम्ही बघा, आम्हाला फर्निचरसाठी आत्ताच किल्ली द्या. हे बऱ्याच ठिकाणी होतं, फिट-आऊटच्या नावाखाली किल्ली देतात आणि हळूहळू लोक राहायलाच येतात. आम्ही नाही म्हटलं. ओसीशिवाय ताबा देणं कायद्यात बसत नाही, शिवाय फायर पंप चालू नसलेल्या चौदा मजली इमारतीत सुतारकाम आणि पॉलिशचं थिनर ही कल्पनाच मला सहन होत नाही. फर्निचरची मापं घ्यायला सुतारांना घेऊन या, हेल्मेट आम्ही देतो, तेवढं मात्र कबूल केलं.

आणखी एक शंका होती जी कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, की आमचे पैसे दुसऱ्या साइटवर गेले का. कायद्यानं खरेदीदारांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांच्या दाखल्याशिवाय काढता येत नाहीत. ते ताजे दाखले मी मीटिंगमध्ये सगळ्यांना वाटले आणि तिमाही माहिती महारेराच्या साइटवर कुठे दिसते ते प्रोजेक्टरवर उघडून दाखवलं. त्यानंतरचे प्रश्न खूप शांतपणे आले.

शेवटी एका ताईंनी विचारलं, सध्याच्या घराची नोटीस मार्चमध्ये देऊ का. मी सांगितलं अर्ज दाखल झाल्यावर नका देऊ, ओसीची प्रत हातात आल्यावर द्या, कायद्यात ओसीनंतर ताबा घ्यायला दोन महिने असतात, तेवढ्यात नोटीस पिरियड आणि शिफ्टिंग दोन्ही बसतं. हे मग पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये सगळ्यांसाठीच लिहून टाकलं, त्याच्या वर एक ओळ होती, ट्रान्सफॉर्मर साइटवर उतरला, तपासणीची तारीख मागितली आहे, अजून मिळालेली नाही.