तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठीवरचा भागाकार

"ताई, साखर नॉर्मल, कोलेस्टेरॉल नॉर्मल. मग तुम्ही चिठ्ठीवर तो भागाकार कशाला करून देता? पाच आला म्हणजे आम्हाला शुगर होणार का?"

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. होईलच असं नाही. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करणारी टेक्निशियन आहे आणि त्या चिठ्ठीवर मी निदान लिहीत नाही. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी आणि एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल. पहिल्याच्या आकड्याला दुसऱ्याच्या आकड्याने भागायचं, एवढंच ते गणित. दोन्ही आकडे तुमच्याच रिपोर्टमध्ये असतात, त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही आणि वेगळे पैसेही लागत नाहीत. "घाबरवता" हा आरोप मी पुष्कळदा ऐकलाय. तो मला मान्य नाही, आणि का नाही हे सांगायचं तर माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगावं लागेल.

तो नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करायचा, राहायला सिडकोत. अंगाने बारीक, पोट तेवढं थोडं पुढे. एकेचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याचं रक्त घेतलं. एकूण कोलेस्टेरॉल 166, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल 97.6, उपाशीपोटीची साखर 94, रक्तदाब 126/80. ट्रायग्लिसराइड 172, त्यापुढे 'बॉर्डरलाइन'. एचडीएल 34, त्यापुढे खाली वळलेला बाण. एलडीएल शंभराच्या आत आणि साखर शंभराच्या आत, म्हणून त्यावर 'फिट'चा शिक्का बसला आणि कागद फाइलमध्ये गेला.

काही वर्षांनी तो चष्म्याचा नंबर बदलायला गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुलीत औषध घालून आत पाहिलं आणि विचारलं, "शुगर किती वर्षांपासून आहे?" तो म्हणाला, "मला शुगर नाही." त्यांनी यंत्रावर काढलेला फोटो दाखवला. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते. मी शेजारी बसले होते. असे ठिपके एका महिन्यात उमटत नाहीत, त्यामागे बहुतेक वेळा काही वर्षांची वाढलेली साखर असते, हे मला ठाऊक होतं. आणि ती वर्षं त्याने 'आपण फिट आहोत' या खात्रीत काढली होती. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 9.8 निघाली. घरी आल्यावर वहिनीने पहिला प्रश्न मला केला, "तुम्ही लॅबमध्ये आहात ना?" तो रिपोर्ट मी पाहिलेलाच नव्हता. पण हे उत्तर तिला पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरत नाही.

त्या रात्री जुनी फाइल काढून बसले. 172 भागिले 34, म्हणजे पाचच्या थोडं वर. मग त्याच्या कंबरेला टेप लावला. 93 सेंटिमीटर. शिक्का बसला तेव्हाच्या पँटी अजून त्याला होत होत्या, म्हणजे तेव्हाही फार वेगळं माप नसणार. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बिघाडांच्या गटाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्याच्या पाच खुणांपैकी तीन असल्या की तो आहे असं मानतात. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबर 90 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, एचडीएल 40 च्या खाली. तीन इथेच झाल्या. उरलेल्या दोन म्हणजे साखर आणि रक्तदाब, आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं त्या दोनांकडेच होतं.

साखर 94 असताना शरीरात बिघाड कसा, हे समजून घ्या. इन्सुलिनला पेशी नीट दाद देईनाशा झाल्या, म्हणजे इन्सुलिनचा प्रतिरोध आला, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं, कधी कधी कित्येक वर्षं. पण चरबीच्या पेशीही इन्सुलिनचं ऐकत नसतात. त्यांच्यातून चरबी रक्तात सुटत राहते आणि यकृताकडे जाते. यकृत तिच्यापासून ट्रायग्लिसराइडने भरलेले मोठे कण बनवून परत रक्तात सोडतं. हे कण एचडीएलच्या कणांना ट्रायग्लिसराइड देतात आणि त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल घेतात. असा चरबीने भरलेला एचडीएलचा कण पुढे लहान होतो आणि रक्तातून लवकर बाहेर काढला जातो. म्हणून ट्रायग्लिसराइड चढतं तेव्हाच एचडीएल उतरतं. भागाकारात ही दोन्ही हलणं एकत्र दिसतात, आणि एकेकटे आकडे 'थोडेसेच' बिघडलेले असतानाही तो मोठा येतो.

आता त्याच्या मर्यादा, कारण या गणिताच्या पहिल्या भरात मी त्यावर जरुरीपेक्षा जास्त विश्वास टाकत होते. भागाकार तीन किंवा जास्त आला तर इन्सुलिनचा प्रतिरोध असू शकतो, असं सगळे सांगतात. तीन हा आकडा अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये जादा वजनाच्या लोकांवर झालेल्या आणि 2003 साली छापून आलेल्या अभ्यासातून रूढ झाला. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांमध्ये इन्सुलिनचा प्रतिरोध असूनही ट्रायग्लिसराइड बरेचदा कमीच राहतं, त्यामुळे तिथे हा भागाकार फसतो. आपल्या लोकांसाठी सर्वमान्य अशी एकच रेघ नाही. म्हणून दोन आला म्हणजे सुटलो असं समजू नका. परदेशातला रिपोर्ट असेल तर एककही बघा. गंगापूर रोडच्या एक काकू मुलाचा कॅनडाचा रिपोर्ट घेऊन खुशीत आल्या होत्या: 1.9 भागिले 1.0, म्हणजे दोनच्याही खाली. पण ते आकडे मिलीमोलमध्ये होते. आपल्या मिलिग्रॅमच्या हिशेबात तोच भागाकार 4.35 च्या आसपास होतो. शिवाय ट्रायग्लिसराइड रोज सारखं नसतं. आदल्या रात्रीची दारू, उपाशी न राहता दिलेलं रक्त, मंद थायरॉइड, स्टिरॉइडच्या गोळ्या, कशानेही ते हलतं. एका रिपोर्टवरून मी आता काहीच ठरवत नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र भावानेच दाखवली. शुगर कळली तेव्हा ट्रायग्लिसराइड 240 आणि एचडीएल 32 होतं, भागाकार साडेसात. मधुमेहाच्या औषधाबरोबर काही महिन्यांनी डॉक्टरांनी फेनोफायब्रेटही सुरू केलं. पुढच्या रिपोर्टमध्ये 130 आणि 37, म्हणजे साडेतीन. फोनवर म्हणाला, "ताई, निम्म्याहून खाली आलं!" पण कंबर तेवढीच होती आणि एचबीएवनसी फेनोफायब्रेट सुरू होण्याआधी होतं तिथेच, 7.9 वर. ते औषध ट्रायग्लिसराइड उतरवतं, इन्सुलिनचा प्रतिरोध त्याने फारसा हलत नाही. भागाकार सुधारला होता तो गोळीमुळे. औषध चालू असलेल्या माणसाला मी म्हणूनच चिठ्ठी देत नाही.

तेव्हा पाच आला तर एवढंच करा: बेंबीच्या पातळीवर श्वास सोडून कंबर मोजा, एचबीएवनसी करा, उपाशीपोटी रक्त देऊन लिपिड पुन्हा तपासा आणि तिन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

त्या वर्षी कुणी भावाला हे सांगितलं असतं तर डोळे वाचले असते का? पूर्वी मी ठामपणे हो म्हणायचे. तो म्हणतो, "शिफ्ट सुटली असती का? रात्रीचं जेवण बदललं असतं का? मी ऐकलंच नसतं." मला ते पटत नाही. ऐकायचं की नाही हे त्याने ठरवलं असतं, आधी कळायला तरी हवं होतं. यावर आम्ही दोघं अजून भांडतो.