शोधवहीतील नोंद: ‘ओ-ई-ये’पासून शीर्षकगीताच्या नावापर्यंत

लहानपणीच्या अर्धवट आठवणाऱ्या गाण्यांची नावे शोधून मी या वहीत नोंदवतो, आणि या खेपेचे प्रकरण माझ्या मामेबहिणीचे आहे. तिचे बालपण अमेरिकेत न्यू जर्सीत गेले, आणि 1990-91 च्या सुमारास शाळेतून घरी आल्यावर ती जी कार्टून पाहत असे त्यांपैकी एकाचे शीर्षकगीत तिला हवे होते. फोनवर तिने जे सांगितले ते मी नेहमीप्रमाणे तिच्याच शब्दांत, काहीही न सुधारता उतरवून घेतले. ‘दादा, त्यात एक विमान होते. एक मुलगा विमानाच्या मागे दोरीला धरून हवेत घसरत जायचा. एक लहान मुलगी होती, तिची बाहुली होती, आणि कुणीतरी चोर एका हिऱ्याच्या मागे लागले होते. गाणे म्हणजे ओ-ई-ये, ओ-ई-यो, आणि मग भराभर काहीतरी इनिट, इनिट, मिनिट.’

एवढ्या सामग्रीवर काम करताना पहिला प्रश्न काळाचा आणि वाहिनीचा असतो, गाण्याचा नव्हे. आठवणीतला प्रसंग कितीही ठसठशीत वाटला तरी शोधाचे क्षेत्र आधी आखून घेतले नाही, तर जगभरच्या विमानवाल्या कार्टूनच्या मागे धावावे लागते. तिच्या बाबतीत हे सोपे गेले, कारण ‘शाळेतून आल्यावर, एकामागून एक चार’ हे तिला पक्के आठवत होते. सप्टेंबर 1990 पासून अमेरिकेत ‘द डिस्ने आफ्टरनून’ या नावाने आठवड्याच्या पाचही दिवशी दुपारी दोन तासांचा गट दाखवला जात असे, आणि त्या पहिल्या हंगामात त्यात ‘गमी बेअर्स’, ‘डकटेल्स’, ‘चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स’ आणि ‘टेलस्पिन’ या चार मालिका होत्या. त्यामुळे प्रश्न आटोपशीर झाला: या चारांपैकी कोणते?

येथे प्रसंगावरून तडक निर्णय घेण्याचा मोह आवरावा लागतो. ‘विमान’ म्हटल्यावर अनेकांच्या मनात एकच मालिका येईल. पण ‘डकटेल्स’मध्येही लाँचपॅड हा वैमानिक आहे, तो विमान उडवण्यापेक्षा आपटण्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि ‘रेस्क्यू रेंजर्स’ची चिमुकली मंडळीही स्वतःच्या विमानातून फिरतात. ‘लहान मुलगी आणि तिची बाहुली’ हा धागाही ‘डकटेल्स’कडे नेतो, कारण तिथल्या वेबीची बाहुली कथेत वारंवार दिसते. मौल्यवान खड्याच्या चोरीबद्दल तर बोलायलाच नको. ‘रेस्क्यू रेंजर्स’ची आरंभीची पाच भागांची गोष्टच एका माणकाच्या चोरीभोवती फिरते. म्हणजे तिच्या आठवणीतल्या तिन्ही ठळक वस्तू चारांपैकी एकाहून अधिक मालिकांत सापडतात, आणि एकेक वस्तू वेगळी घेऊन पडताळल्यास त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. ज्या आठवणी सगळ्यांना चांगल्या राहतात त्या बहुधा अशाच, कुठेही बसणाऱ्या असतात.

म्हणून मी आधी अक्षरांकडे वळलो. येथे माझा एक ठाम समज आहे आणि तो आतापर्यंत कामी आला आहे: लहानपणी परक्या भाषेत किंवा भरधाव चालीत ऐकलेल्या गाण्यातले शब्द निसटतात, व्यंजने अदलाबदल होतात, पण स्वरांचा क्रम आणि जोर कुठे पडतो हे बहुधा शाबूत राहते. त्यामुळे ‘ओ-ई-ये’ मधला ‘य’ खरोखर ‘य’ होता की नाही यावर वेळ घालवायचा नाही. ओ, मग ई, मग उघडा ए, आणि दुसऱ्या वेळी शेवटी ओ, एवढे घ्यायचे. शिवाय तिने ते दोनदा म्हटले आणि दुसऱ्यांदा फक्त शेवट बदलला, ही रचनाही तितकीच महत्त्वाची आहे, कारण एक आवाज हाक देतो आणि मग समूह ती उचलतो, अशा गाण्यात हे घडते.

आता चारही शीर्षकगीते या साच्यावर ठेवून पाहिली. ‘डकटेल्स’मध्ये मालिकेचे नाव उच्चारल्यावर लगेच ‘ऊ-ऊ’ येते. तिथे स्वर एकच असतो, दोनदा. ‘रेस्क्यू रेंजर्स’मध्ये लक्षात राहतो तो स्वर नसून अडखळणारा ‘च’ आहे, कारण चिपचे नाव तोतरेपणाने, च-च-च करत गायले जाते. ‘गमी बेअर्स’चे गाणे कूच करणाऱ्या फौजेच्या थाटाचे, शब्दांनी भरलेले आणि स्पष्ट उच्चारांचे आहे, त्यात निरर्थक अक्षरांना जवळजवळ जागाच नाही. ‘टेलस्पिन’ मात्र ढोलाच्या ठेक्यावर ‘ओ-ई-ये, ओ-ई-यो’ असेच सुरू होते आणि पाठोपाठ मालिकेचे नाव येते. स्वरक्रम जुळला, पुनरावृत्ती जुळली, शेवटचा बदलही जुळला.

खरे वजन मात्र मी ‘इनिट, इनिट, मिनिट’ला दिले. ‘ओ-ई’सारखी हाक इतर गाण्यांतही असू शकते, पण एकाच यमकाची भरधाव माळ ही गाण्याच्या अंगठ्याचा ठसा म्हणावी अशी गोष्ट आहे. ‘टेलस्पिन’च्या शीर्षकगीतात ‘स्पिन इट’शी यमक जुळवत ‘बिगिन इट’, ‘ग्रिन इट’, ‘विन इट’ असे करत गायक खरोखरच इंग्रजी ‘मिनिट’पाशी पोहोचतो. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीच्या कानाने त्या सगळ्या माळेतून नेमका ‘मिनिट’ उचलला, कारण तो एकच शब्द तिच्या घरच्या बोलण्यातही होता. असे शब्द आढळले की ते नोंदीत वेगळे अधोरेखित करावेत; बाकीचा ओघ पुसला गेला तरी हे जसेच्या तसे उरतात.

यानंतर प्रसंगाकडे परतणे रास्त ठरते, कारण आता वस्तू मोजायच्या नसून त्यांची एकमेकींशी असलेली गाठ पाहायची असते. तिला मी विचारले, ‘हिरा आणि बाहुली यांचा एकमेकांशी संबंध होता का?’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘हो, तो बाहुलीच्या आतच होता!’ येथे ‘डकटेल्स’ आणि ‘रेस्क्यू रेंजर्स’ दोन्ही गळून पडतात. ‘टेलस्पिन’ची सुरुवात ‘प्लंडर अँड लाइटनिंग’ या लांब कथेने झाली. ती पुढे चार भागांत विभागून दाखवली गेली. हवाई चाच्यांचा म्होरक्या डॉन कार्नेज हा, येथे बडा उद्योगपती असलेल्या शेरखानचा एक खडा पळवतो. तो दागिना नसून विजेचे प्रचंड अस्त्र चालवणारा घटक आहे, आणि केप सुझेट हे बंदराचे शहर उंच कड्यांनी व त्या कड्यांवरच्या तोफांनी सुरक्षित असल्यामुळे आत घुसण्यासाठी चाच्यांना ते अस्त्र हवे असते. किट हा मुलगा तो खडा घेऊन चाच्यांकडून निसटतो, आणि पुढे तो, बल्लू हा वैमानिक जिच्याकडे काम करतो त्या रिबेकाच्या मुलीच्या, मॉलीच्या, लूसी नावाच्या बाहुलीत लपवलेला असतो. तिने ज्याला हिरा म्हटले तो हाच खडा.

दोरीवरचा मुलगा म्हणजे अर्थात किट. चंद्रकोरीच्या आकाराचा धातूचा फळा पायाखाली उघडून, विमानाला बांधलेल्या दोरीच्या आधाराने तो ढगांवरून घसरत जातो, आणि हे दृश्य इतर तिन्ही मालिकांत नाही. गंमत अशी की तिने संपूर्ण वर्णनात एकदाही अस्वलाचा उल्लेख केला नव्हता, जरी किट, मॉली, रिबेका आणि वैमानिक बल्लू हे सगळेच अस्वल आहेत. पात्रे कपडे घालून बोलू लागली की मुले त्यांना माणसे म्हणून साठवतात, हे मी इतर प्रकरणांतही पाहिले आहे. म्हणून ‘प्राणी कोणता होता?’ हा प्रश्न मी सुरुवातीला विचारतच नाही. उत्तर बहुतेक वेळा अंदाजाचे असते आणि त्याने शोध भरकटतो. आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी ही मालिका हिंदीत पाहिलेल्या मंडळींचे उलटे होते: त्यांना बल्लू आणि शेरखान पक्के आठवतात, आणि मग ती ‘जंगल बुक’च्या जपानी मालिकेत आणि या मालिकेत गल्लत करतात.

आता पडताळणी. उमेदवार गाणे पहिल्यांदाच ऐकवू नये, हा माझा नियम आहे, कारण ऐकल्यावर ‘हेच ते’ असे वाटणे आणि ते खरोखर आठवणे यांतला फरक माणसाला स्वतःलाही कळत नाही. मी आधी इतर तीन गीते नावे न सांगता ऐकवली. ‘डकटेल्स’ तिने ओळखले, पण ते हवे असलेले गाणे नाही असे सांगितले. बाकीच्या दोहोंनाही नकार दिला. मग ‘टेलस्पिन’ लावले आणि यमकांची माळ सुरू होण्याच्या क्षणभर आधी थांबवून पुढचे म्हणायला सांगितले. तिने योग्य लयीत ‘इनिट’ची रांग म्हटली, शब्द अर्धे चुकीचे, पण जोर आणि ‘मिनिट’ची जागा बरोबर. न ऐकलेला भाग असा पुढे म्हणता आला की मी ओळख पक्की मानतो.

अजून एक शंका निकाली काढायची होती. त्या आरंभीच्या कथेत पात्रे स्वतःही गातात, बल्लूच्या तोंडचे ‘आय’म गॉन’ त्यातलेच. एखादे गाणे प्रसंगाशी जोडले जाऊन आठवत असेल, तर ते शीर्षकगीत नसून कथेतले असण्याचा धोका असतो. पण तिने म्हटलेल्या ‘ओ-ई-ये’च्या पाठोपाठ गीतात मालिकेचेच नाव येते, आणि पात्रे आपल्या मालिकेचे नाव गात बसत नाहीत. 2006 साली निघालेल्या पहिल्या डीव्हीडी संचात ही कथा आहे; तिच्या मुलांबरोबर ती पाहून तिने बाहुलीचा प्रसंगही पक्का केला.

शेवटी नावाचा प्रश्न, जो मूळ मागणीच होती. हे गीत बहुतेक ठिकाणी केवळ ‘टेलस्पिन थीम’ म्हणून नोंदलेले दिसते, तर चाहत्यांमध्ये ते ‘स्पिन इट!’ या नावानेही ओळखले जाते. शोधताना दोन्ही टाकावीत, नाहीतर अर्धे निकाल हाती लागत नाहीत. रचना मायकेल आणि पॅटी सिल्व्हरशर यांची. ‘गमी बेअर्स’चे शीर्षकगीतही याच जोडीचे आहे, जरी दोन्हींचा बाज ऐकून कुणाला तसे वाटणार नाही. गायक जिम गिलस्ट्रॅप. स्टीव्ही वंडरच्या ‘यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ’च्या पहिल्या ओळी ज्यांच्या आवाजात आहेत तेच हे; ती ओळ आणि हे शीर्षकगीत पाठोपाठ ऐकल्यास आवाज लगेच पटतो.

वहीतली अंतिम नोंद अशी: मालिका ‘टेलस्पिन’, गीत ‘टेलस्पिन थीम’, पर्यायी नाव ‘स्पिन इट!’, प्रसंग ‘प्लंडर अँड लाइटनिंग’, ओळखीचा आधार ‘इनिट–मिनिट’ यमक आणि बाहुलीतला खडा, दर्जा, पक्का. मामेबहिणीने आता तिच्या भावाचे एक प्रकरण पुढे केले आहे. त्याला फक्त तोतरा ‘च’ आठवतो, आणि त्याला उत्तर द्यायला मला वही उघडावी लागणार नाही.