आमची वाटचाल : सहीआधी कुरिअरचं रेटकार्ड कसं वाचतो

नवं रेटकार्ड हातात आलं की आम्ही आधी दर बघत नाही, तळटीप बघतो. त्यात ‘भाजक ५०००’ असं काहीतरी बारीक अक्षरात असतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची. उत्तर येतं ते आकारमानाचं वजन, किलोत. ते आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचं बिल लागतं.

समजा, माल ९०० ग्रॅमचा आणि खोका ३० × २५ × १५ चा. वजन धरलं जाणार २.२५ किलो, म्हणजे अर्ध्या किलोचे पाच टप्पे. पहिल्या टप्प्याला ५० आणि पुढच्या प्रत्येकाला ४० रुपये असा दर धरला, तर २१० रुपये. तोच माल २५ × २० × ९ च्या खोक्यात बसवला की वजन ०.९ किलो, दोनच टप्पे, ९० रुपये. पण त्याच कार्डावर भाजक ४००० असेल, तर हाच छोटा खोका १.१२५ किलोचा ठरतो आणि तीन टप्प्यांचे १३० द्यावे लागतात. वजनाचा वाद निघतोच, म्हणून खोका बंद करण्यापूर्वी नाही, बंद केल्यावर काट्यावर ठेवून आणि मोजायची टेप लावून फोटो काढायचा. हरकत किती दिवसांत नोंदवायची, हेही आधीच विचारून घ्यावं.

दर ज्या झोनप्रमाणे लागतो, तो झोन नकाशावरच्या अंतरावरून ठरत नाही, उचलण्याच्या आणि पोचवण्याच्या पिनकोडच्या जोडीवरून ठरतो. म्हणून आपल्या मागच्या शंभर ऑर्डरींचे पिनकोड देऊन त्यांचे झोन लिहून मागावेत. काही पिनकोडवर पार्सल जातं, पण रोख घेतली जात नाही; तो रकाना वेगळा असतो.

रोख वसुलीच्या ओळीत बहुधा ‘४० रुपये किंवा २ टक्के, जे जास्त ते’ अशी भाषा असते. या आकड्यांत २००० रुपयांखालच्या प्रत्येक ऑर्डरला ४० च लागणार. ६०० च्या ऑर्डरवर ते जवळपास ७ टक्के होतात. स्वस्त माल विकणाऱ्याला हीच ओळ जास्त बोचते.

आता परत येणारा माल. दहा पार्सल पाठवली, दोन परत आली, परतीचाही दर ९०. जातानाचे ९००, परतीचे १८०, आठ वसुलींचे ३२०, एकूण १४००. पोचलेल्या आठांवर वाटले की प्रत्येकी १७५ रुपये. परतलेल्या दोनांचेही वसुली शुल्क कापलं जात असेल, तर १८५. हे कापतात का, हा प्रश्न आम्ही तोंडी विचारत नाही, ईमेलवर उत्तर घेतो. कर याहून वेगळा.

शेवटी, गोळा झालेली रोख किती दिवसांनी खात्यावर येते आणि ते दिवस पार्सल पोचल्यापासून मोजतात की आठवड्याच्या ठरावीक वारी, हे पाहायचं. भाडं त्यातूनच वळतं होत असेल, तर ऑर्डरनिहाय तपशील मिळतो ना, तेही विचारायचं. नुसत्या एका बेरजेवरून वजनातली चूक सापडत नाही.