मालवणातल्या सुपरमार्केटचे बोर्ड

मी कुडाळला साईन बोर्डचं काम करतो, एसीपी, ॲक्रिलिक लेटर, व्हिनाईल, सगळंच. मालवणात एक नवीन सुपरमार्केट होणार होतं आणि मालकांना गणपतीआधी उघडायचंच होतं, कारण चाकरमानी आले की एका आठवड्यात जेवढा किराणा उठतो तेवढा एरवी दोन महिन्यांत उठत नाही. त्यांचा मुलगा पुण्याहून डिझाईन घेऊन आला होता. दिसायला मस्त, पण बाहेरच्या बोर्डावर वर मोठ्या कॅपिटलमध्ये इंग्रजी आणि खाली मराठी. मी म्हटलं हे चालणार नाही. तो म्हणाला, ''का? दोन्हीची फॉन्ट साईज सेम आहे, फाईलमध्ये बघा.'' बघितलं, खरंच सेम होती.

इथे आधी कायद्याचं सांगतो, कारण अजून कितीतरी दुकानदारांना वाटतं की मराठी कुठेतरी असली की झालं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, आणि आता कामगार किती आहेत ते बघत नाहीत, आधी दहापेक्षा कमी असले तर सूट होती ती गेली. नामफलक देवनागरीत मराठी हवा, मराठी सुरुवातीला हवी, आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही दोन महिन्यांत पाळा म्हणून सांगितलं होतं. म्हणजे बाहेर कुठली भाषा आधी हा वादच नाही. मुलाने इंग्रजी खाली घ्यायचं कबूल केलं पण साईज सेम हेच धरून बसला. मग मी त्याच्याच फाईलची एक पट्टी खऱ्या साईजमध्ये प्लॉटरवरून साध्या कागदावर काढली, जमिनीवर पसरली आणि टेप लावला. इंग्रजी कॅपिटल बारा इंच. मराठीचा ''म'', पायापासून शिरोरेषेपर्यंत, सव्वादहा.

तो म्हणाला प्रिंट चुकली. प्रिंट नाही चुकली. कॉम्प्युटरमधली फॉन्ट साईज म्हणजे अक्षराची उंची नसते, ती अख्ख्या चौकटीची असते, आणि देवनागरीला त्या चौकटीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार मावायला हवेत, म्हणून मधलं मुख्य अक्षर बऱ्याच फॉन्टमध्ये इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकंच काढलेलं असतं. कागदावर नंबर सेम, भिंतीवर मराठी लहान. निरीक्षक फाईल उघडून बघत नाही, तो खाली उभा राहून वर बघतो. म्हणून आमच्याकडे नियम साधा आहे, शिरोरेषा ते पाया हे माप धरायचं आणि ते इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकं तरी ठेवायचं, पॉईंट विसरून जायचे.

मग प्रश्न आला जागेचा. दुकानाच्या तोंडावरची पट्टी चार फूट उंच, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. नावात ''सुपरमार्केट'' होतंच, आणि हा शब्द साईनवाल्याचा अंत बघतो. सुरुवातीलाच स ला उकार, तो खाली लोंबतो, आणि पुढे ''र्के'' मध्ये एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि मात्रा दोन्ही. मुख्य अक्षर चौदा इंच घेतलं तर वर पाच आणि खाली पाच लागले, म्हणजे एक ओळ चोवीस इंचांची. इंग्रजीला उकार नाही, रफार नाही, चौदा म्हणजे चौदाच. दोन्ही चौदाचे ठेवले तर चोवीस आणि चौदा अडतीस, उरले दहा, त्यात वरची कड, खालची कड आणि मधली फट. एवढ्यात उकार जवळपास इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर टेकतो, आणि रस्त्यावरून बघताना सगळा एक गोळा वाटतो. मी इंग्रजी आठ इंचांवर आणलं. वर पाच सोडले, चोवीसमध्ये मराठी, चार फट, आठ इंग्रजी, खाली सात. मुलाला आठ इंच फार कमी वाटले, पण मी ते कापून लावून दाखवलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवरूनसुद्धा ते आरामात वाचता आलं, तेव्हा तो गप्प बसला.

आतलं मात्र वेगळं. आतल्या लटकत्या बोर्डांना नामफलकाचा तो नियम नाही, तिथे खरंच ठरवावं लागतं, आणि मजा तिथेच आली. मुलाचं म्हणणं, मालवणात टुरिस्ट येतात, किल्ला, स्कूबा, आत इंग्रजी आधी ठेवू. मालकांचं म्हणणं, दोन्ही समान ठेवा, कोणाचीच तक्रार नको. मी म्हटलं भांडू नका, लटकवून बघू. रॅक अजून लागले नव्हते, हॉल रिकामा, दरवाजापासून शेवटच्या भिंतीपर्यंत साधारण चाळीस फूट. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब आहे, दहा फुटांना एक इंच अक्षर, म्हणजे चाळीस फुटांना चार इंच. मी कागदावर तीन प्रकार काढले, इंग्रजी मोठं मराठी लहान, दोन्ही चार चार इंच, आणि मराठी चार इंच व इंग्रजी त्याच्या साठ टक्के म्हणजे साधारण अडीच इंच, आणि तीनही सुतळीने साडेसात फुटांवर टांगले. दरवाजात मालक, त्यांची आई, नवीन घेतलेल्या तीन मुली, आणि गोव्याहून माल घेऊन आलेला एक ड्रायव्हर, ज्याला देवनागरी वाचायची सवय नव्हती.

पहिल्या बोर्डाकडे आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, ''माका हयसून काय दिसना नाय.'' मुलींनी इंग्रजी वाचलं, पण त्यातली एक दोनदा बघून मग म्हणाली डाळी आहेत होय. समान साईजच्या बोर्डाला मालक आधी खूश झाले, पण गंमत अशी की सगळेच वाचायला जास्त वेळ घेत होते, कारण दोन्ही ओळी सारख्याच ओरडत असल्या की नजर आधी कुठे जावी तेच ठरत नाही, वर मग खाली मग परत वर. तिसऱ्यावर आजींनी लगेच वाचलं, मुलींनी लगेच वाचलं, आणि ड्रायव्हरने चार पावलं पुढे येऊन इंग्रजी वाचलं. चार पावलं! एवढीच किंमत होती. ज्याला दुसरी ओळ हवी असते त्याला ती कुठे आहे हे एकदा कळलं की प्रत्येक बोर्डावर तो थेट तिथेच बघतो, फक्त जागा बदलायची नाही, एका बोर्डावर खाली आणि दुसऱ्यावर बाजूला असं केलं की संपलं.

त्या टांगलेल्या कागदांवर आणखी एक दिसलं. मुलाच्या डिझायनरने मराठी सगळ्यात जाड वजनात घेतली होती, की लांबून दिसेल. उलटं होतं. ''कडधान्ये'' मधला ध चाळीस फुटांवरून घ वाटत होता, कारण ध च्या डोक्यावर शिरोरेषेत जी छोटी फट असते ती जाड अक्षरात बुजते, भ चं पण तेच, तो म वाटतो. मी वजन एक दोन पायऱ्या उतरवून मध्यम जाड केलं तर अक्षर उघडं झालं. आणि इंग्रजी कॅपिटलमध्ये न ठेवता पहिलं अक्षर मोठं बाकी लहान असं केलं, म्हणजे ते आपोआप मागे सरकतं, रंग वेगळा करायची गरज नाही. दोन भाषांना दोन रंग दिले की दुकान लग्नाच्या मांडवासारखं दिसतं, हे माझं मत.

एका ठिकाणी मी मुलाचं ऐकलं. दरवाजाजवळचा कोकम, काजू, खाजा, मालवणी मसाल्याचा रॅक. तिथे येणारे बरेच कोल्हापूर, पुणे, बेळगावचे, ते मराठी वाचतात, पण बाहेरचेही असतात, आणि त्यांना आगळ म्हणजे काय हे माहीत नसतं. तिथे मराठी आधीच, पण इंग्रजी साठऐवजी ऐंशी टक्के केलं, कारण तो बोर्ड आठ फुटांवरून वाचायचा आहे, चाळीस नाही, दोन्ही ओळींना श्वास घ्यायला जागा आहे. सुक्या मासळीच्या कोपऱ्याला बोर्ड लावायचा का यावर थोडी चर्चा झाली, माझ्या मते वासच पुरे होता, पण लावला.

आकडे हा वेगळाच घोळ. कामाला घेतलेल्या एका मुलीने रॅकच्या पट्ट्यांवर देवनागरी आकडे टाकायचं सुचवलं, दिसायला छान. पण पाकिटावरची एमआरपी, वजनकाटा, बिल सगळ्यावर इंग्रजी आकडे, आणि मिसळले की मराठी १ इंग्रजी नऊसारखा, ७ इंग्रजी सहासारखा, ५ इंग्रजी चारसारखा दिसतो. भावाच्या बाबतीत एकदा असं झालं की काउंटरवर भांडण. म्हणून दुकानाच्या आत सगळीकडे एकच, इंग्रजी आकडे, रांगांचे नंबरसुद्धा.

मग कापायची वेळ. पुण्याहून आलेली फाईल उघडली तर ''किराणा'' ची वेलांटी क सोडून पुढे सरकलेली, कारण त्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या जोडणारा पर्याय चालू नव्हता. तो चालू केला, मजकूर युनिकोडमध्ये परत टाईप केला. आमच्या पोराने ''तांदूळ'' व्हिनाईलवर कापलं आणि बघतो तर शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या जोडावर उभे काप. देवनागरी अक्षरं फॉन्टमध्ये एकमेकांवर किंचित चढलेली असतात म्हणून रेषा सलग दिसते, पण प्लॉटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो. आधी कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या कडा करून, सगळं वेल्ड करायचं, म्हणजे जोडून एकच आकार करायचा, मगच कापायला पाठवायचं. तसंच अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, इंग्रजीत चालतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

बाहेरच्या लेटरचं शेवटचं काम रफार आणि अनुस्वारावर अडलं. आतमध्ये एलईडी मॉड्युल बसायला पट्टी पुरेशी रुंद लागते, रफाराचं टोक तसंच ठेवलं असतं तर रात्री तेवढंच काळं दिसलं असतं, म्हणून ते थोडं जाड केलं. नावातला अनुस्वार सुटाच असतो, तो शिरोरेषेला चिकटलेला नसतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत साध्या खिळ्यांचं काय होतं ते मालवणात सांगायला नको. ॲल्युमिनियमची फ्रेम, स्टेनलेसचे स्क्रू, आणि अनुस्वाराला मागून दोन पिना घालून सिलिकॉन, कारण एका पिनेवर तो वाऱ्याला फिरतो.