परगावी शिकायला जाताना : पहिल्या महिन्याचा हिशेब

परगावी कॉलेजसाठी राहायला जाताना दरमहाचं बजेट मांडण्याआधी पहिल्या महिन्याचं वेगळं मांडावं, हे मला हिशेबाला बसल्यावरच कळलं. दरमहा हातात येणारे पैसे मी १०० धरले. त्यात भाडं ३५, जेवण ३०, फोन आणि येणं-जाणं १०, वह्या-झेरॉक्स-किरकोळ १० आणि शिल्लक १५. कागदावर हे छान बसतं. पण डिपॉझिट दोन भाड्यांइतकं म्हणजे ७०, गादी-बादली-भांड्यांचे २०, आणि नेहमीचे ८५ असे मिळून पहिल्याच महिन्यात १७५ लागतात. दलाल असला तर त्याचे वेगळे. हे १००च्या वरचे पैसे घरून निघण्याआधीच हाताशी हवेत. डिपॉझिट खोली सोडल्यावरच परत मिळतं, म्हणून अडीनडीच्या पैशांत ते कधीही धरू नये.

खोली निवडताना नुसतं भाडं पाहून फसायला होतं. एक खोली ३५ला, कॉलेजपासून चालत जाण्याजोगी, वीज-पाणी त्यातच. दुसरी २८ला, पण वीज वेगळी ४ आणि बसपास ६. म्हणजे स्वस्त वाटणारी खोली ३८ला पडते, शिवाय रोजचा वेळ जातो तो वेगळाच. सुट्टीत घरी गेल्यावरही भाडं चालू राहतं का, आणि खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे दोन्ही करारात लिहून घ्यावं.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या खोलीचे फोटो काढावेत : भिंतीची ओल, गळका नळ, खिडकीची तडकलेली काच. ते त्याच दिवशी घरमालकांना मेसेजवर पाठवावेत, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक अशाच जुन्या मोडतोडीपायी, आणि तेव्हा आपल्या तोंडी सांगण्याला काही वजन नसतं.

मेसचं गणित ताटावर करावं. महिन्याचे ३० भरले आणि साठही जेवणं झाली, तर एक ताट अर्ध्याला पडतं. उशिरापर्यंतची प्रॅक्टिकल्स आणि सुट्ट्या यांमुळे चाळीसच झाली, तर तेच ताट पाऊणला. म्हणून पैसे भरण्याआधी खाडा धरतात का, सलग किती दिवसांचा आणि किती आधी सांगावं लागतं, हे विचारावंच. रोज एकच वेळ जेवणं जमणार असेल तर एकवेळचा डबा बरा.

हाताने करून खाणाऱ्यांची चूक वेगळी असते. जेवणाचे ३० चार आठवड्यांत वाटले की आठवड्याला साडेसात येतात आणि अठ्ठावीस दिवसांत पैसे संपतात. उरलेले दोन-तीन दिवस मग बाहेरच्या खाण्यावर, तेही उधारीने निघतात. मी दिवसाला १ धरून दर सोमवारी फक्त ७ वेगळे काढतो. चार आठवड्यांनंतर २ उरतात, ते त्या शेवटच्या दिवसांचे.