न दुखणारी गाठ

आषाढात आंघोळ करताना डाव्या स्तनाच्या वरच्या बाजूला, काखेकडे, हाताला काहीतरी कडक लागलं. सुपारीएवढं. दाबलं तरी दुखेना. दुखत नाही म्हणजे साधंच असणार, अशी मी मनाची समजूत घातली. वय ६४, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, आमच्या घरात स्तनाचा कर्करोग कुणाला नाही. मग गौरी-गणपती आले, मुंबईची मंडळी गुहागरला आली, आणि गाठ तशीच राहिली.

मुलगी चिपळूणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गौरी गेल्यावर पडवीत भांडी पुसताना मी तिला सांगितलं, "बाय, इथे हात लावून बघ जरा." तिने हात लावला आणि ती गप्प झाली. मग विचारलं, "आई, कधीपासून?" मी आषाढापासून म्हटलं. रागावली नाही, पण "दुखत नाही" हे माझं वाक्य तिने अर्ध्यावरच तोडलं. "कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही गं. आणि ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो." शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "छोटीच आहे, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू." मला ते पटलं. एकदाची गेली की सुटले. मुलगी मात्र हटली नाही. तिने मला घरी नीट समजावलं. गाठ काय आहे ते न कळता काढली, तर तिच्याभोवती किती भाग घ्यायचा हे ठरत नाही, काखेतल्या ग्रंथींचं नियोजन होत नाही, आणि कर्करोग निघाला तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. काही गाठींना तर आधी औषध आणि नंतर शस्त्रक्रिया असा क्रम असतो. म्हणून आधी सुईने तुकडा घ्यायचा. सुई टोचली की रोग पसरतो, असं आमच्या वाडीत सगळ्या बायका म्हणतात. त्या भीतीने तुकडा घ्यायचं टाळू नये, हे तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

मग आम्ही कोल्हापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हात वर करायला लावून, मग कमरेवर ठेवून बघितलं. हात वर केल्यावर गाठीवरची कातडी किंचित आत ओढली जात होती. मला ते आरशात कधी दिसलं नव्हतं, कारण मी हात खाली ठेवूनच बघत होते. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, दोन पट्ट्यांमध्ये स्तन घट्ट दाबतात. काही सेकंदांचं काम, पण कळ येते. त्या दिवशी काखेत पावडर लावून जाऊ नये, तिचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन दिसू शकतात. सोनोग्राफीत गाठ पाण्याची नाही, भरीव आहे आणि तिच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, एवढं कळलं.

बायोप्सीची, म्हणजे सुईने तुकडा घेण्याची, मला सगळ्यात जास्त धास्ती होती. मी रक्त पातळ करायची गोळी घेते, हे आधीच सांगितलं; ती थांबवायची की नाही ते त्यांनी ठरवलं. भुलीचं इंजेक्शन चुरचुरलं, तेवढंच. नंतर सोनोग्राफीत बघत सुई आत घातली. दरवेळी स्टेपलरसारखा खटका वाजायचा आणि शेवयांसारखे बारीक तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत जायचे. नंतर बराच वेळ दाबून धरलं. निळं पडलं होतं, ते हळूहळू गेलं.

रिपोर्ट दोन टप्प्यांत आला. आधी कर्करोग आहे हे, आणि काही दिवसांनी ईआर, पीआर हे हार्मोनचे ग्राहक पॉझिटिव्ह, हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह. दुसऱ्या टप्प्याची वाट बघणं मला जड गेलं. पण गाठ हार्मोनवर वाढते का, त्यावर गोळ्या चालतील का, हे त्याच कागदावरून ठरतं.

शस्त्रक्रियेत स्तन राखून गाठ आणि काखेतल्या मोजक्याच ग्रंथी काढल्या. गाठ २.१ सेंटिमीटर निघाली, काढलेल्या भागाच्या कडा रोगापासून मोकळ्या, ग्रंथींत काही नाही. केमोची गरज डॉक्टरांना वाटली नाही. रेडिएशनसाठी तीन आठवडे कोल्हापूरला मुलीच्या जावेकडे राहिले. आता रोज हार्मोन रोखणारी एक गोळी आहे, किमान पाच वर्षं. त्या गोळीने हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता तपासायला मुलीबरोबर पुढच्या महिन्यात जायचं आहे.